शुक्रवार पेठेतलं परडं आणि २०,९२० रुपयांचा घरफाळा : एका अपिलाची हकीकत

कोल्हापुरात मालमत्ता कर असं कुणी म्हणत नाही, घरफाळाच म्हणतात. खालचं प्रकरण घरफाळ्याचंच आहे. मिळकत आणि माणसं मी रचली आहेत. दर आणि गुणांकही हिशेब समजावा म्हणून गोल घेतले आहेत. तुमच्या मिळकतीला लागू असलेले आकडे पालिकेच्या ठरावात आणि त्या वर्षीच्या रेडी रेकनरमध्ये बघा. प्रकरणाचा सांगाडा मात्र वकिली करताना नेहमी समोर येतो तसाच आहे.

शुक्रवार पेठेतलं १९६८ सालचं घर. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर माडी, मागं परडं. भिंती दगड-मातीच्या. रस्त्याकडच्या खोलीत पूर्वी किराणा दुकान होतं. मालक दत्ताअण्णा, वय सत्तरीच्या पुढं. अण्णा दर एप्रिलला आधीच्या बिलाप्रमाणं वर्षाचा घरफाळा भरून मोकळे होत, ९,६५४ रुपये. जूनमध्ये विशेष नोटीस आली : खासगी एजन्सीमार्फत झालेल्या सर्वेक्षणानुसार सुधारित आकारणी २०,९२० रुपये.

अण्णा माझ्याकडं आले ते हातानं लिहिलेला तीन पानी अर्ज घेऊनच. त्यात महागाई होती, पेन्शन होती, "सर्वसामान्यांचं कंबरडं मोडणारी अन्यायकारक वाढ" होती, गल्लीतल्या खड्ड्यांचा सविस्तर वृत्तांत होता. शेवटी तोंडीही ऐकवलं, "वकीलसाहेब, परड्यात पाऊस पडतोय बघा, आन् ह्येंनी त्याला खोली धरलीया!"

तीन पानांत एकही मुद्दा नव्हता. मुद्दा होता तो त्या एका वाक्यात.

घरफाळा "जास्त" आहे हे अपिलाचं कारणच होत नाही. आकारणी म्हणजे एक गुणाकार. भांडवली मूल्याच्या पद्धतीत रेडी रेकनरमधला त्या भागाचा दर घेतात, त्याला क्षेत्रफळानं गुणतात, मग वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचं वय यांचे गुणांक लावतात आणि येणाऱ्या मूल्यावर कराची टक्केवारी. हा आधार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कराधान नियमांतल्या नियम ७अ मध्ये आहे. यातला रेडी रेकनरचा दर शासन ठरवतं, गुणांक आणि टक्केवारी पालिकेच्या ठरावानं ठरते. त्यावर या अपिलात भांडता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयाचा रस्ता वेगळा आहे. आपल्या हातात राहतात ते आपल्या मिळकतीबद्दल नोंदवलेले चार तपशील : किती, कशासाठी, कसलं, कधीचं. त्यातला कुठला चुकला हे दाखवायचं. बाकी सगळा राग घरी ठेवायचा.

म्हणून पहिलं काम अर्ज लिहिण्याचं नव्हतं, आकारणी कशावरून केली ते बघण्याचं होतं. इथं बरेच जण माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि वाट बघत बसतात. त्याची मुदत ३० दिवसांची, आणि नोटिशीवर तक्रारीसाठी मुदत छापलेली होती २१ दिवसांची. हिशेब तिथंच चुकतो. आकारणी पुस्तकात आपल्या मिळकतीची नोंद पाहायचा आणि तिचा उतारा टिपून घ्यायचा हक्क मालकाला नियमांतच दिलेला आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही वॉर्ड ऑफिसात जाऊन उतारा आणि सर्वेक्षणाचा मोजणी तक्ता पाहिला.

तक्त्यात होतं : तळमजला ८६ चौरस मीटर, त्यातले २६ दुकान, मागील शेड ३०, पहिला मजला ५८, त्याच मजल्यावर शिवाय पत्र्याची खोली १६. एकूण १९०. बांधकामाचा प्रकार सगळ्याला आरसीसी, वय सगळ्याला "० ते १० वर्षे".

आता गुणाकार उलगडू. उदाहरणासाठी रेकनरचा दर २०,००० रुपये चौरस मीटर. निवासी १६४ मीटरचं मूल्य ३२,८०,००० आणि त्यावर ०.४ टक्के म्हणजे १३,१२०. दुकानाच्या २६ मीटरला वापराचा गुणांक १.५, म्हणून ७,८०,००० आणि त्यावर १ टक्का, ७,८००. दोन्ही मिळून २०,९२०. आकडा जुळला की पालिकेनं काय धरलंय ते कळतं. जुळला नाही तर आपल्याला न सांगितलेलं अजून काहीतरी त्यात आहे असं समजायचं. हा पडताळा कागदावर पेन्सिलीनं होतो, आणि तो केल्याशिवाय तक्रारीचं एक वाक्यही मी लिहीत नाही.

पुढचा अर्धा तास अण्णांची उलटतपासणी झाली, कारण पालिकेच्या तक्त्यात चुका होत्या तशा अण्णांच्या बाजूलाही अडचणीच्या गोष्टी होत्या.

मागील शेड म्हणजे परडं. उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवायला आणि तुळशीला ऊन लागू नये म्हणून चार लोखंडी पाइपांवर हिरवी शेडनेट ताणलेली. वरून काढलेल्या चित्रात ती छपरासारखी दिसली असणार. पत्र्याची खोली मात्र खरी. धाकट्या मुलासाठी २०१६ साली बांधलेली, परवानगीशिवाय. ती जुन्या आकारणीत नव्हतीच. अण्णांचं म्हणणं, तिचा उल्लेखच नको, नाहीतर कलम २६७अ खाली अनधिकृत बांधकामाची शास्ती लावतील. भीती समजण्यासारखी होती, पण खोली तक्त्यात मोजलेली होती. जी गोष्ट समोरच्याच्या कागदावर आहे ती आपल्या अर्जात लपवून काय साधणार? उलट आपण ती मान्य केली की बाकीच्या मुद्द्यांवर आपलं ऐकलं जातं. आम्ही लिहिलं : खोली आहे, २०१६ ची आहे, पत्र्याची आहे, आरसीसी नाही.

दुकानाची गोष्ट अण्णांच्याच अंगाशी येणारी. दुकान २०११ साली बंद झालं. तेव्हापासून त्या खोलीत धान्याची पोती, जुना पलंग आणि नातवाची मोटारसायकल. पण वापर बदलल्याचं पालिकेला कुणी कळवलं नाही. दहा-बारा वर्षं अण्णा निमूटपणं दुकानाच्या दरानं भरत होते. ही चूक एजन्सीची नव्हे. तिनं शटर पाहिलं, जुनी नोंद पाहिली आणि पुढं गेली.

आणि वय. हा सगळ्यात मोठा मुद्दा होता, पण अण्णांच्या तीन पानांत तो कुठंच नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात घरात छातीभर पाणी होतं. मागची भिंत ढासळली, स्वयंपाकघर आणि मोरी जवळजवळ गेली. पुढच्या वर्षी अण्णांनी तो १८ मीटरचा भाग पायापासून विटा-सिमेंटात उठवला, माडीची कौलं उतरवून पत्रा घातला आणि दर्शनी भिंतीला गिलावा करून फरशी लावली. रस्त्यावरून बघणाऱ्याला घर कोरं करकरीत दिसतं. एजन्सीच्या पोरानं नवं घर लिहिलं यात त्याला फार दोष देता येत नाही. पण दर्शनी फरशीनं दगड-मातीच्या भिंतीचं वय बदलत नाही.

२४ जूनला तक्रार दिली, आवक शिक्का घेऊन. शीर्षकात "अपील" लिहिलं नाही. कायद्याच्या भाषेत आयुक्तांकडं होते ती तक्रार, अपील त्याच्या पुढं. लोक आयुक्तांना "अपील" लिहितात, अपील केलंय अशी समजूत करून घेतात आणि खरी अपिलाची मुदत घालवून बसतात.

सुनावणीच्या आधी करनिरीक्षक जागेवर आले. जुलैचा पाऊस लागलेला. ते परड्यात वही उघडून उभे राहिले, वरच्या नेटमधून पाण्याची धार थेट पानावर आली आणि शाई पसरली. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त छत्री पुढं केली. शेडचा मुद्दा तिथंच संपला. त्या दिवशीचा फोटो तारखेसह आम्ही सुनावणीत दिला, पण गरज पडली नाही.

बाकी दोन मुद्द्यांवर आमची तक्रार तोकडी पडली, आणि ही चूक माझी. वयासाठी मी फक्त अण्णांचं प्रतिज्ञापत्र आणि गेल्या दहा वर्षांच्या घरफाळ्याच्या पावत्या जोडल्या होत्या. पावती भरणा दाखवते, भिंत कधीची ते दाखवत नाही. वर निरीक्षकांनी नव्या स्वयंपाकघराचा फोटो पुढं केला. आम्ही तक्रारीत त्या १८ मीटरबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, त्यामुळं सगळं जुनंच आहे हा आमचा दावा खोटा पडल्यासारखा झाला. दुकान बंद झाल्याचा तर कागदच नव्हता. निर्णय २ सप्टेंबरचा : मागील मोकळ्या जागेचे ३० चौरस मीटर वगळावेत, उर्वरित आकारणी कायम. घरफाळा २०,९२० वरून १८,५२० झाला. अण्णा ज्यासाठी तळमळत होते ते परडं सुटलं, पण त्याची किंमत वर्षाला २,४०० रुपयेच होती.

इथून पुढं अपील. अपील प्राधिकारी पालिकेत बसत नाही. कलम ४०६ प्रमाणं अपील चालतं ते न्यायाधीशांपुढं, आणि कोल्हापूरसारख्या शहरात ते म्हणजे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. त्याला तीन अटी आहेत. आधी आयुक्तांकडं तक्रार झालेली आणि तिचा निकाल लागलेला हवा. अपील पंधरा दिवसांत हवं. आणि वादातल्या आकारणीप्रमाणं अपील दाखल करेपर्यंत जो कर होतो तो आधी भरलेला हवा.

पंधरा दिवस कधीपासून? कलम ४०७ म्हणतं, तक्रार निकाली निघाली त्या दिवसापासून. आदेशाची प्रत अण्णांच्या हातात पडली ११ सप्टेंबरला. पाकिटावरची तारीख बघून ते म्हणाले, अजून पंधरा दिवस आहेत की. आदेशाच्या तारखेपासून मोजलं तर शेवटचा दिवस १७, म्हणजे हातात सहा दिवस. उशीर माफ होईल या भरवशावर मी कुणालाच बसू देत नाही.

पैसे भरण्याच्या अटीवर अण्णा भडकले. "जे चुकीचं म्हणून भांडायलोय, तेच आधी भरायचं?" भरायचं. एप्रिलमध्ये भरलेले ९,६५४ वजा जाता ८,८६६ रुपये उरत होते. ते १३ तारखेला "हक्क राखून, हरकतीसह" असं पत्र देऊन भरले आणि पावती अपिलाला जोडली. अपील पहिल्याच तारखेला फेटाळलं जातं ते बहुतेक या एका पावतीअभावी.

मग कागदांचा शोध. माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अण्णांच्या वडिलांनी दोऱ्यात ओवून ठेवलेल्या पावत्या निघाल्या. पुरात खालचं सगळं गेलं, माडी वाचली. त्यात १९६९ ची एक पावती, किरमिजी शाईतली, वर छापलेलं "नगरपालिका". कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ साली. म्हणजे मिळकत क्रमांक असलेली ही पावती त्याआधीची, यावर वाद घालायला जागाच नाही. पण नुसत्या तारखेनं आजची भिंत तीच हे कुठं सिद्ध होतं? ते सिद्ध केलं महापुराच्या पंचनाम्यानं. नुकसानभरपाईसाठी २०१९ साली सरकारी पंचनामा झाला होता आणि त्यात लिहिलं होतं : "दगड-मातीचे जुने दुमजली घर, मागील भिंत व स्वयंपाकघर पडलेले, उर्वरित घर उभे." काय पडलं आणि काय उभं राहिलं, दोन्ही एकाच ओळीत, तेही त्रयस्थ सरकारी माणसाच्या हातचं. यापेक्षा चांगला पुरावा मागूनही मिळाला नसता. दुकानासाठी सापडला वीज कंपनीचा कागद. दुकानाचा वेगळा व्यापारी मीटर २०१२ साली कायमचा बंद करून घेतला होता, त्याचा पीडी अहवाल. तो जूनपासून त्याच ट्रंकेत होता. मी विचारलंच नव्हतं.

अपिलाचा मजकूर दोन पानांत बसला. गाभा असा :

"मा. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, कोल्हापूर यांचे न्यायालयात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चे कलम ४०६ अन्वये अपील.

१. अपिलार्थीची तक्रार दि. २ सप्टेंबर रोजी अंशतः मंजूर होऊन निकाली निघाली. वादातील आकारणीनुसार देय संपूर्ण रक्कम भरली असून पावती जोडली आहे. अपील मुदतीत आहे.

२. अपिलार्थीस रेडी रेकनरचा दर, गुणांक अथवा कराची टक्केवारी याबाबत वाद उपस्थित करावयाचा नाही.

३. तळमजल्यावरील १८ चौ.मी. भाग सन २०२० मध्ये नव्याने बांधला असून पहिल्या मजल्यावरील १६ चौ.मी. पत्र्याची खोली सन २०१६ ची आहे, हे अपिलार्थीस मान्य आहे. सदर खोलीस आरसीसी बांधकामाचा गुणांक लागू होत नाही.

४. उर्वरित १२६ चौ.मी. बांधकाम सन १९६८ चे व दगड-मातीचे असून सन १९६९ ची पावती व सन २०१९ चा पंचनामा याने ते शाबीत होते. त्यास नवीन आरसीसी इमारतीचा गुणांक लावणे चुकीचे आहे.

५. दर्शनी २६ चौ.मी. खोलीचा व्यापारी वापर सन २०११ पासून बंद असून व्यापारी वीजजोडणी सन २०१२ पासून कायमस्वरूपी खंडित आहे."

दुसरा परिच्छेद मुद्दाम लिहिला. पालिकेचे वकील अशा अपिलात सवयीनं एकच हरकत घेतात, की हा ठरावालाच आव्हान देतोय. ती वाट आधीच बंद केली. तिसरा परिच्छेद लिहिताना अण्णा कुरकुरले. पण तक्रारीत तो नव्हता म्हणून काय झालं ते त्यांनीही पाहिलं होतं. सोबत दोन रंगांत रंगवलेला नकाशा, जुना भाग पिवळा, नवा लाल, आणि आमच्या मताप्रमाणं होणाऱ्या आकारणीचा तक्ता. न्यायाधीशांना गुणाकार करत बसावं लागू नये.

तक्ता असा. जुन्या दगड-मातीच्या भागाला बांधकामाचा गुणांक ०.८ आणि वयाचा ०.७, म्हणजे मीटरला ११,२०० रुपये. १२६ मीटरचे १४,११,२०० आणि कर ५,६४५. नव्या स्वयंपाकघराला वयाची सूट नाही, फक्त बांधकामाचा ०.८, म्हणून १८ मीटरचा कर १,१५२. पत्र्याच्या खोलीला ०.७ गुणांक, कर ८९६. एकूण ७,६९३.

कोणता मुद्दा किती वजनाचा होता तेही बघा. परड्याचे २,४००. दुकानाचे ३,२०३. वय आणि बांधकामाच्या प्रकाराचे ७,६२४. जो गुणांक सगळ्या क्षेत्रफळाला लागतो तोच सगळ्यात जास्त पैसे खातो, आणि तो डोळ्याला दिसत नाही म्हणून त्यावर कुणी भांडत नाही.

न्यायालयात अण्णांची साक्ष झाली, पंचनाम्याची प्रमाणित प्रत आली. पालिकेतर्फे सांगितलं गेलं की छप्पर बदललं, म्हणजे इमारत नवी. कोर्टानं ते मान्य केलं नाही : मूळ भिंती आणि पाया तसेच असतील तर छप्पर बदलणं ही दुरुस्ती, पायापासून उठवलेला भाग तेवढा नवा. शटर अजून लावलेलं आहे, हा पालिकेचा दुसरा मुद्दा होता. त्यावर पीडी अहवाल पुरेसा ठरला. ७,६९३ ची आकारणी मंजूर झाली आणि जास्तीचे १०,८२७ रुपये पुढच्या बिलांत वळते करायला सांगितलं.

एक मागणी मात्र फेटाळली गेली, आणि ती रास्तच फेटाळली. माझ्या सल्ल्याविरुद्ध अण्णांनी २०११ पासून दुकानाच्या दरानं भरलेल्या जादा घरफाळ्याचा परतावा मागायला लावला होता. त्या वर्षांत तक्रारच केली नव्हती, त्या वर्षांची आकारणी तशीच कायम झालेली. कळवायला एक साधा अर्ज पुरला असता. पुढं जिल्हा न्यायालयात जाता येतं, पण या मुद्द्यावर जाऊ नका असं मी स्पष्ट सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

निकालानंतरच्या एप्रिलमध्ये बिल आलं, १८,५२० चंच. निकालाची प्रत विभागात पोचली होती, संगणकातली नोंद बदललेली नव्हती. प्रमाणित प्रत जोडून पुन्हा एक अर्ज, पुन्हा आवक शिक्का. जूनमध्ये दुरुस्त उतारा मिळाला. वापर निवासी, बांधकाम वर्ष तीन ओळींत वेगवेगळं, कर ७,६९३. अण्णांनी चष्मा वर करून उताऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आन् परडं कुठाय ह्यात?"

"नाहीये, अण्णा."

"मग झालं," म्हणाले, आणि उतारा घडी करून ट्रंकेत ठेवायला माडी चढायला लागले.